अल्कलाईन म्हणून घेतलेले पेन्सिल सेल चार दिवसांत बसतात? फोटोत काय बघायचं ते सांगतो

माझं साताऱ्यात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बीपी मशीन, वजनकाटे, खेळण्यातल्या गाड्या, गॅस शेगडीचे लायटर असलं काय काय येतं. त्यातल्या बऱ्याच वस्तूंमध्ये बिघाड नसतोच, बिघाड सेलमध्ये असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, परवाच नवे अल्कलाईन घातलेत." मग मी सेल हातात घेतो आणि वजनावरूनच कळतं की हा अल्कलाईन नाही. वर महागड्या सेलचं कव्हर असतं आणि आत साधा झिंक-कार्बन सेल, म्हणजे रिमोटमध्ये घालतो तो स्वस्तातला.

हल्ली लोक दुकानात येत नाहीत, आधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात आणि विचारतात, "खरे आहेत का हे?" तेच ते उत्तर दर वेळी टाईप करून कंटाळलो, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहितो. हे सगळं फक्त साध्या पेन्सिल सेलबद्दल आहे, म्हणजे डबल-ए मापाचा, सुमारे 50 मिमी लांब आणि 14 मिमी जाड.

एक गोष्ट आधीच सांगतो. सेल खोटा आहे, हे फोटोवरून छातीठोकपणे सांगता येतं. खरा आहे, हे मात्र सांगता येत नाही. फार तर "खोटेपणाची खूण दिसली नाही" एवढंच म्हणता येतं. आणि फोटो तुमच्या हातातल्या सेलचा हवा. विकणाऱ्याने जाहिरातीत लावलेला फोटो खऱ्या मालाचा असू शकतो आणि पार्सलमध्ये दुसराच माल येऊ शकतो.

लक्षणं

सगळ्यात नेहमीची तक्रार अशी: बीपी मशीन दोन-तीन वेळा बीपी मोजतं, मग पट्टा अर्धा फुगतो आणि पडद्यावर बॅटरीची खूण लुकलुकायला लागते. तेच सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले की घड्याळ बिनतक्रार महिनोन्‌महिने चालतं. नव्या सेलच्या बाबतीत असं झालं की अल्कलाईनच्या कव्हरात झिंक-कार्बन असल्याचा संशय इथूनच सुरू होतो. घड्याळाला अगदी किंचित करंट लागतो, तो कुठलाही सेल देतो. बीपी मशीनच्या पंपाला काहीशे मिलीअँपिअर लागतात. झिंक-कार्बन सेलचा आतला रोध जास्त, त्यामुळे पंप सुरू झाला की त्याचा व्होल्टेज खाली बसतो आणि मशीन समजतं, सेल संपला. पंप थांबला की सेल जरा सावरतो. म्हणून "थोडा वेळ ठेवलं की परत एकदा चालतं" हेही त्याच तक्रारीचं दुसरं टोक.

आणखी दोन लक्षणं. न वापरता ठेवलेल्या पाकिटातच एखादा सेल चिकट झालेला सापडतो, किंवा सेल काढताना कव्हर हातात येतं आणि खाली दुसऱ्याच रंगाचा पत्रा दिसतो. दुसऱ्या प्रकारात पुढचं काही वाचायची गरज नाही.

आधी अक्षरं वाचा, फुकटात काम होतं

सेलच्या अंगावर बारीक अक्षरांत मापाचा कोड असतो. अल्कलाईनवर LR6, साध्या झिंक-कार्बनवर नुसतं R6. पुढचं L हे अक्षरच अल्कलाईनचं आहे. कित्येकदा खोटा माल करणाऱ्याने पुढे मोठ्या अक्षरात अल्कलाईन छापलेलं असतं आणि मागे आळसाने R6 तसंच राहिलेलं असतं. तिथेच निकाल लागला.

पण इथे आपलीच फसगत होऊ देऊ नका. "हेवी ड्यूटी" लिहिलं म्हणजे अल्कलाईन नव्हे. तो झिंक क्लोराईडचा, म्हणजे झिंक-कार्बन घराण्यातलाच सेल. त्यावर प्रामाणिकपणे R6 लिहिलेलं असतं, किंमतही कमी असते आणि रिमोटला तो उत्तम चालतो. त्याला खोटा म्हणणं हा अन्याय आहे. निम्मे लोक "खोटे सेल दिले" म्हणून ज्या दुकानदाराशी भांडायला निघालेले असतात, त्याने हेवी ड्यूटीच विकलेले असतात आणि हेवी ड्यूटी म्हणूनच विकलेले असतात.

कोड बरोबर असेल तर तारखेकडे बघा. पाकिटातले चारही सेल शेजारी शेजारी ठेवून तारखेची ओळ समोर येईल असा एकच फोटो काढा. बहुतेक चांगल्या कारखान्यांत कव्हर आधी छापून तयार असतं आणि तारीख मागाहून यंत्र मारतं. म्हणून तारखेची शाई बाकीच्या छपाईपेक्षा वेगळी दिसते आणि जागा चारही सेलवर केसभर इकडे तिकडे असते. खोट्या मालात तारीख कव्हराबरोबरच छापलेली असते: तोच रंग, तीच चकाकी, चारही सेलवर अगदी तंतोतंत तीच जागा. ही खूण एकटी पुरेशी नाही, काही खऱ्या सेलवरही छपाई नेमकी बसते. पण संशयाच्या खात्यात एक टिंब टाका.

छपाईतलं बाकी मी फार बघत नाही. रंग फोटोत बदलतो, ट्यूबलाईटखाली तांबडा किरमिजी दिसतो. बघायचंच तर सगळ्यात बारीक मजकूर बघा, "आगीत टाकू नका" वगैरे सूचना असतात तो. खऱ्यात अक्षराच्या पोटातली पोकळी मोकळी असते. कव्हराचा फोटो काढून पुन्हा छापलेल्या मालात ती शाईने भरते आणि अक्षरं सुजल्यासारखी दिसतात. फोटो मात्र व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा न पाठवता "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, नाहीतर ॲपच तो दाबून बारीक करतं आणि खरी अक्षरंही सुजलेली दिसतात. यात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय. चांगल्या मालाला खोटं म्हटलं आणि मग दुकानात आल्यावर माफी मागितली.

वजन: इथे दहापैकी आठांचा निकाल लागतो

डबल-ए अल्कलाईन सेल साधारण 23 ते 24 ग्रॅम भरतो. झिंक-कार्बन 15 ते 19 ग्रॅम. अल्कलाईनमध्ये जस्ताची पूड आणि मँगनीज डायऑक्साईड पोलादी डब्यात घट्ट ठासलेले असतात, त्यामुळे फरक मोठा पडतो. एवढा फरक कव्हर बदलून लपत नाही.

वजनाचा फोटो पाठवताना लोक एक चूक हमखास करतात. पाच किलोच्या किचन काट्यावर एक सेल ठेवतात. असे स्वस्त काटे इतकं हलकं वजन नीट पकडत नाहीत, कधी 19 दाखवतात, कधी 24. चारही सेल एकत्र ठेवा आणि चाराने भागा. 92 ते 96 आलं तर अल्कलाईनच्या घरात, 60 ते 76 आलं तर झिंक-कार्बनच्या. ओळखीचा सोनार असेल तर त्याच्या काट्यावर मिनिटाचं काम आहे.

काटाच नसेल तर नाणी घ्या. ₹ ची खूण असलेलं 10 रुपयांचं दोन रंगांचं नाणं सुमारे 7.7 ग्रॅमचं असतं, म्हणजे तीन नाणी 23 ग्रॅम, एका अल्कलाईन सेलच्या बरोबरीची. शाळेतली 30 सेंमीची पट्टी घ्या, मधोमध खाली पेन्सिल आडवी ठेवा. एका टोकाला सेल आडवा ठेवून चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावा, दुसऱ्या टोकाला पेन्सिलीपासून तेवढ्याच अंतरावर नाण्यांची चळत. तीन नाण्यांनी पट्टी डळमळत राहिली, कधी इकडे कधी तिकडे, तर सेल अल्कलाईनच्या वजनाचा. तीन नाण्यांनी नाण्यांची बाजू धाडकन खाली बसली आणि दोन नाण्यांनी सेलची बाजू खाली गेली, तर सेल 15 ते 23 च्या मधला, म्हणजे झिंक-कार्बन. हा फोटो किंवा दहा सेकंदांचा व्हिडिओ मला काट्याच्या फोटोपेक्षा जास्त आवडतो, कारण यात काटा चुकीचा असण्याचा प्रश्न नाही.

दोन अपवाद माहीत असू द्या. एकदाच वापरायचे लिथियमचे डबल-ए सेल असतात, त्यावर FR6 लिहिलेलं असतं. ते 15 ग्रॅमच्या आसपास भरतात आणि अस्सल असतात. आणि चार्जिंगचे, निकेल-मेटल हायड्राईडचे सेल अल्कलाईनपेक्षाही जड असतात. विकणारा "आमचा सेल 24 ग्रॅमचा आहे" असं पानावर लिहितो, ते मात्र सोडून द्या. वजन लिहायला पैसे पडत नाहीत.

दोन्ही टोकं: कड कुठे दुमडली आहे?

वजन काठावरचं आलं किंवा मोजायची सोयच नसेल तर दोन्ही टोकांचे फोटो मागवतो. माझ्या मते सगळ्या तपासात हीच गोष्ट सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

अल्कलाईन सेलचा बाहेरचा पोलादी डबा हाच पॉझिटिव्ह असतो. वरची बोंडी त्याच डब्याच्या तळातून दाबून काढलेली असते, वेगळी जोडलेली नसते. म्हणून पॉझिटिव्ह टोकाकडून बघितलं तर बोंडीपासून खांद्यापर्यंत पत्रा सलग दिसतो, मध्ये सांधा नाही, प्लास्टिकची चकती नाही. डब्याचं उघडं तोंड निगेटिव्ह बाजूला असतं. तिथे नायलॉनची सील आणि चपटी टोपी बसवून डब्याची कड आत दुमडलेली असते. या दुमडीलाच क्रिंप म्हणतात. थोडक्यात, अल्कलाईनची दुमड फक्त सपाट बुडख्याकडे.

झिंक-कार्बनची रचना उलटी. आत जस्ताचा डबा असतो आणि तोच निगेटिव्ह. पॉझिटिव्ह बोंडी म्हणजे मधल्या कार्बनच्या कांडीवर बसवलेली धातूची टोपी. ती डब्याला टेकून चालत नाही, म्हणून तिच्याभोवती प्लास्टिकची चकती लागते. या सगळ्यावर पत्र्याचं जाकीट चढवून ते दोन्ही टोकांना दुमडतात. म्हणजे बोंडीभोवती चकती दिसते, तिच्याभोवती पत्र्याची गोल कड दिसते, आणि बुडख्यालाही तशीच कड दिसते.

आता नकली माल डोळ्यांसमोर आणा. झिंक-कार्बनच्या जाकिटावर अल्कलाईनचं प्लास्टिक कव्हर आवळून बसवलेलं आहे. बोंडीकडून जवळून बघा: मध्ये टोपी, मग काळी किंवा पांढरी चकती, मग पत्र्याची दुमडलेली कड आणि त्या कडेवर प्लास्टिकची दुसरी कड. एकावर एक दोन पदर, पायरीसारखे. वर अल्कलाईन लिहिलेल्या सेलवर अशी पायरी दिसली की मी वजनही विचारत नाही.

फोटो काढायची पद्धत: सेल टेबलावर आडवा, टोक कॅमेऱ्याकडे. फ्लॅश बंद, कारण फ्लॅशने धातू पांढराफटक होतो आणि कड नाहीशी होते. उजेड बाजूने खिडकीतून येऊ द्या, म्हणजे दुमडीची सावली पडते. फोन फार जवळ नेऊ नका, वीतभर लांब धरून दोन पट झूम करा.

दुमडीचा दर्जाही याच फोटोत कळतो. चांगल्या दुमडीवर उजेडाची चकाकी एका सलग कमानीत फिरते. वाईट दुमडीवर ती तुटते, कुठे रुंद, कुठे अरुंद, मध्येच एखादा दात. हा सेल कदाचित अल्कलाईनच असेल, वजनही बरोबर भरेल, पण सील सगळीकडून सारखी दाबली गेलेली नाही. असा सेल गळण्याची शक्यता जास्त. नकली कारखान्यातला अल्कलाईन हा प्रकार ओळखायला फोटोत एवढा एकच धागा मिळतो, आणि तोही कच्चा.

गळतीचे डाग

सेल गळला म्हणजे तो नकली, हे खरं नाही. नामांकित अल्कलाईनही गळतात, विशेषतः संपल्यावर महिनोन्‌महिने मशीनमध्ये राहिले किंवा जुने-नवे एकत्र घातले तर. डागावरून नकलीपणा कळत नाही, आत कोणतं रसायन आहे ते कळतं. ते कव्हरावरच्या नावाशी जुळतंय का, एवढंच बघायचं.

अल्कलाईनमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साईड असतं. ते निगेटिव्ह सीलमधून पाझरतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साईडशी मिळून पांढरी, मिठागत भुसभुशीत पूड होते. झिंक-कार्बनमध्ये जस्ताचा डबाच वापरात झिजत जातो, त्याला भोकं पडतात आणि आम्लधर्मी पाणी कुठूनही बाहेर येतं, अंगातूनसुद्धा. डाग ओलसर, चिकट, तपकिरी असतो आणि जाकिटाला गंज धरतो. तेव्हा अल्कलाईन लिहिलेल्या सेलचं कव्हर मधेच फुगलेलं आणि खाली तपकिरी ओल दिसली, तर मामला स्पष्ट आहे.

एक गोंधळ होतो तो सांगून ठेवतो. पांढरी पूड पॉझिटिव्ह बोंडीवर दिसली म्हणून घाबरू नका. मशीनमध्ये सेल एकापुढे एक असतात, एकाची बोंडी दुसऱ्याच्या बुडख्याला टेकते. पूड बहुधा शेजाऱ्याची असते. म्हणून गळलेल्या सेलचा फोटो आधी मशीनमध्ये बसलेला असतानाच काढा, मग सेल बाहेर काढा. काढताना हातमोजे घाला, पूड कातडीला भाजते. डोळ्यात गेली तर वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टर गाठा.

एक प्रकरण

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या निवृत्त गुरुजींनी बीपी मशीनबद्दल फोन केला. "अरे, मशीन बिघडलं बघ. पट्टा फुगतो आणि मध्येच सोडून देतो." सेल नवे, आठवडे बाजारात गाडीवरून घेतलेले, नेहमीच्या निम्म्या किमतीत. फोटो मागवले. कोड LR6, म्हणजे बरोबर. तारीख चारही सेलवर एकाच जागी, एकाच काळ्या शाईत. मी म्हटलं, "गुरुजी, वजन करता येईल का?" ते कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेले. चार सेल मिळून 68 ग्रॅम, म्हणजे एकाला 17. शेवटी बोंडीचा फोटो आला, त्यात काळी चकती आणि दोन पदरांची पायरी स्वच्छ दिसत होती. मशीन उघडावंच लागलं नाही. दुसरे अल्कलाईन घातले आणि त्यांनी लागोपाठ सहा वेळा बीपी मोजलं. सहाव्यांदा जरा वाढलेलंच आलं, पण त्याला मी काही करू शकत नाही.

मल्टिमीटर असेल तर

नुसता व्होल्टेज मोजून काही कळत नाही, दोन्ही प्रकारचे कोरे सेल दीड व्होल्टच्या वरच दाखवतात. भार देऊन मोजा. 3.9 ओहमचा 1 वॅटचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना लावून मिनिटभर मीटर बघत राहा. कोरा अल्कलाईन जरा खाली येऊन तिथेच टिकतो. झिंक-कार्बन जास्त खाली येतो आणि घसरतच राहतो. रेझिस्टर गरम होतो, बोटात धरू नका. शंका असलेल्या सेलशेजारी खात्रीचा सेल घेऊन हीच चाचणी केली की आकडे पाठ असायची गरज नाही.

लोखंडी चुंबकाचा उपाय लोक सांगतात. अंगाला चुंबक चिकटलंच नाही, तर तो अल्कलाईन नक्की नाही. चिकटलं तर काहीच सिद्ध होत नाही, झिंक-कार्बनचं जाकीटही पत्र्याचंच असतं. सेल टेबलावर आपटून उडी बघायची चाचणी अल्कलाईन संपलाय का हे सांगते, खरा की खोटा हे नाही.

इथे हात थांबवा

सेल कापून आत बघू नका. व्हिडिओत लोक पक्कडीने सोलतात, पण आत दाब असतो आणि अल्कलाईनमधला द्रव अंगावर उडतो. वर सांगितलेल्या खुणांवरून जे कळतं, त्यापेक्षा जास्त कळण्यासाठी डोळा पणाला लावण्यात अर्थ नाही.

गळती फक्त स्प्रिंगवर असेल तर घरी साफ होते: पांढऱ्या पुडीला कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबू, तपकिरी ओलीला खायच्या सोड्याचं पातळ पाणी, मग कोरडं पुसून एक दिवस वाळवणं. पण हिरवा-निळा डाग स्प्रिंगच्या मुळातून आत वायरीकडे किंवा सर्किटकडे गेलेला दिसला, तर मशीन दुरुस्तीवाल्याकडे न्या. आत किती खाल्लंय ते बाहेरून दिसत नाही. बीपी मशीन किंवा ग्लुकोमीटर गळतीनंतर चालू झालं तरी त्याचे आकडे दवाखान्यातल्या मशीनशी पडताळल्याशिवाय त्यावर गोळीचा डोस ठरवू नका.

टॉर्चमधले किंवा पॉवर बँकेतले चार्जिंगचे लिथियम-आयन सेल या पोस्टच्या बाहेर आहेत. त्यांची दुमड पॉझिटिव्ह बाजूला असते, वजनं वेगळी, आणि खोटा निघाला तर तो नुसता बसत नाही, पेट घेऊ शकतो. तो फुगला, गरम लागला किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला तर फोटो काढत बसू नका. चार्जर बंद करा, सेल मोकळ्या जागी फरशीवर ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

ऑनलाईन घेतलेल्या मालाची तक्रार करायची असेल तर पाकीट फेकू नका. काट्यावरचा फोटो, दोन्ही टोकांचा फोटो आणि पाकिटावरची किंमत, तारीख, उत्पादकाचा पत्ता असा संच ठेवा. विकणाऱ्याने दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915 आहे. पाकिटावर आयएसआयची खूण असेल तर तिच्याजवळचा CM/L नंबर BIS Care ॲपमध्ये टाकून बघा, तो कुणाच्या नावावर आहे ते कळतं.

गुरुजींनी ते चार सेल टाकून दिले नाहीत. "पैसे मोजलेत," म्हणाले. त्यातला एक त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात अजून चालतोय. दर रविवारी तो बाहेर काढून अंगाला ओल आलीय का बघायची, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.